सहा वर्षांनी लिंक्डइनवर लिहिलेली पोस्ट



सॉफ्टवेअरमधली नोकरी मी 2019 साली सोडली. आधी मुलगी झाली, नंतर अब्बांचं आजारपण आलं. गेल्या वर्षी पुन्हा काम शोधायचं ठरवलं आणि लिंक्डइनवर तसं जाहीर करणारी पोस्ट लिहायला मला आठ दिवस लागले.

पहिल्या मसुद्यात होतं, ‘एवढ्या मोठ्या खंडाबद्दल क्षमस्व. कुणी संधी दिली तर आभारी राहीन.’ एका जुन्या सहकारी मैत्रिणीला दाखवला. ती म्हणाली, “अगं, माफी कसली मागतेस? आणि काम कोणतं हवंय ते कुठंय?”

दुसऱ्या कुणी सुचवलं, मधल्या वर्षांत फ्रीलान्स कन्सल्टंट होते असं टाक. हा सल्ला खूप जणींना मिळतो. पण कंपन्या पार्श्वभूमी तपासतात तेव्हा पीएफच्या नोंदींमधून नोकरीच्या तारखा कळतात, आणि फ्रीलान्स म्हटलं की बिलं, आयकर विवरणपत्रं मागू शकतात. मिळालेली ऑफर तिथं हातची जाते.

शेवटी लिहिलं ते असं:

‘जावा बॅकएंड डेव्हलपर म्हणून पुन्हा काम सुरू करतेय, पुण्यात किंवा घरून. आधीचा अनुभव सात वर्षं. 2019 ते 2025 मुलीच्या संगोपनासाठी आणि वडिलांच्या शुश्रूषेसाठी पूर्णवेळ घरी होते. गेल्या पाच महिन्यांत माझा जुना जावा 8 वरचा प्रकल्प जावा 17 आणि स्प्रिंग बूट 3 वर आणला. कोड गिटहबवर आहे. क्लाउडवर प्रत्यक्ष काम केलेलं नाही, शिकतेय.’

हव्या असलेल्या कामाचं वाक्य मुद्दाम पहिलं ठेवलं, कारण फीडमध्ये सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं उघडावं लागतं. खंडाला एकच वाक्य दिलं. अब्बांच्या आजाराचं नाव लिहिलं नाही. ते सांगायचा हक्क त्यांचा. प्रकल्पाबद्दल बोलायला मात्र खरं काहीतरी होतं. स्प्रिंग बूट 3 मध्ये बरीच `javax` नावं `jakarta` झालीत. माझ्या जुन्या लायब्ररी तिथंच अडल्या. दोन बदलाव्या लागल्या. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच आला आणि मी वीस मिनिटं बोलले! क्लाउडचं आधीच कबूल केल्यामुळे तिथं पकडलं जायची भीती नव्हती.

प्रोफाइलमध्येही तारखांची फट ठेवली नाही. 2022 पासून तिथं `Career break` अशी वेगळी नोंद करता येते. संगोपन, शुश्रूषा असे प्रकार निवडायला मिळतात. `Open to work` सगळ्यांना दिसेल असं ठेवलं, कारण लपवायला सध्याचा मालकच नव्हता. नोकरीत असलेल्यांनी ते फक्त रिक्रूटर्सपुरतं ठेवावं, तरी पूर्ण गुप्ततेची हमी लिंक्डइन देत नाही.

एका कंपनीनं नवशिक्याचा पगार देऊ केला, तो मी नाकारला. दुसरीनं सहा महिन्यांचं कंत्राट दिलं. जुन्या पदापेक्षा एक पायरी खाली, पण काम जावाचंच. सोमवारपासून तिसरा महिना लागेल.