बुजरा माणूस आणि ग्रंथपाल



पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसला एक माणूस एस.टी.तून उतरला असं समजा. चाळिशीचा, मितभाषी, नजर खाली. पिशवीतले कागद नीट घडी घालून ठेवलेले, प्रत्येक वस्तू जागच्या जागी. आता सांगा, हा शेतकरी असेल की ग्रंथपाल? बहुतेकांच्या तोंडी लगेच ‘ग्रंथपाल’ येईल.

डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली ‘सायन्स’ नियतकालिकातल्या लेखात असाच एक बुजरा, नीटनेटका माणूस उभा केला होता. आपण त्याचं वर्णन मनातल्या ग्रंथपालाच्या चित्राशी ताडून पाहतो. चित्र जुळलं की निकाल देऊन मोकळे होतो. मुळात ग्रंथपाल किती आणि शेतकरी किती, हा प्रश्न मनात येतच नाही.

तो विचारून पाहू. महाराष्ट्रात अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयं ढोबळमानानं बारा हजार मानू. एकेक ग्रंथपाल धरू. 2011 च्या जनगणनेत राज्यात स्वतःची शेती कसणारे सुमारे सव्वा कोटी होते. त्यांतले निम्म्याहून कमी, म्हणजे साठ लाखच पुरुष धरू. एका ग्रंथपालामागे पाचशे शेतकरी झाले.

आता ग्रंथपालांना झुकतं माप देऊ. त्यांतले निम्मे असे बुजरे मानू, म्हणजे सहा हजार. शेतकऱ्यांत मात्र पन्नासात एकच असा मानू. तरी ते एक लाख वीस हजार भरतात. म्हणजे आपला पाहुणा शेतकरी असण्याची शक्यता वीसपट! बुजरेपणा ग्रंथपालांत पंचवीसपट जास्त धरूनही पाचशेपट तफावत भरून निघाली नाही.

कानमन आणि ट्वर्स्की यांच्याच 1973 च्या एका प्रयोगात लोकांना सांगितलं होतं, की शंभर जणांत तीस अभियंते आणि सत्तर वकील आहेत. माणसाविषयी काहीच माहिती नसताना लोकांनी हे प्रमाण बरोबर वापरलं. मग एकाचं वर्णन दिलं: वय तीस, विवाहित, कर्तबगार, सहकाऱ्यांत प्रिय. यातून ना वकील कळतो, ना अभियंता. तरीही लोक म्हणाले, निम्मी-निम्मी शक्यता. मला हा प्रयोग ग्रंथपालाच्या उदाहरणापेक्षा अधिक बोलका वाटतो, कारण निरुपयोगी वर्णनानंही हाती असलेलं प्रमाण पुसून टाकलं.

म्हणून वर्णन नेहमीच टाकाऊ असतं असं नाही. हाच माणूस परभणीत ग्रंथपालांच्या बैठकीत भेटला, तर मोजायचा गटच बदलला. तिथं ‘ग्रंथपाल’ हेच उत्तर योग्य. माणूस कोणत्या गटातून समोर आला, हे आधी पाहायला हवं.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या वेळी कुणी ‘हा अगदी तसाच दिसतो’ म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: तसे लोक इथं मुळात आहेत किती?