९१ टक्के आणि पट्टीवरचे पाणी

कोल्हापूरच्या एका दैनिकात शिकाऊ वार्ताहर असलेल्या मुलीची ही छोटी कथा. पुराच्या दिवसांत संध्याकाळी एक वाचक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो. राजाराम बंधारा पाण्याखाली गेलेला, शेजारी पाणीपातळीची पट्टी आणि एक फलक. मुलगी फोटो मोठा करून बघते. पाणी ३९ फुटांच्या किंचित वर आहे, म्हणजे पंचगंगेने इशारा पातळी ओलांडली. धोका पातळी ४३ फुटांची. दुपारच्या सरकारी नोंदीशी हे जुळते. फलकावरची जोडाक्षरे नीट आहेत. कृत्रिम चित्रांत देवनागरी बऱ्याचदा तिथेच बिघडते. फोटो खरा, असे तिचे मत बनते.

मग ती तो कृत्रिम चित्रे ओळखणाऱ्या यंत्रात घालते. उत्तर येते : ‘कृत्रिम, ९१ टक्के’. ती फोटो वगळते. दुसऱ्या दिवशी तोच फोटो दुसऱ्या दैनिकाच्या पहिल्या पानावर असतो, छायाचित्रकाराच्या नावासह.

चूक आकड्याचा अर्थ लावण्यात होती. शंभरातले ९१ असे फोटो खोटे निघतात, असे तो सांगत नाही. यंत्राला शिकवताना दाखवलेल्या कृत्रिम चित्रांशी या फोटोची ठेवण किती जुळते, एवढेच तो सांगतो. कमी उजेडात मोबाइल स्वतःच चित्रातले कण पुसून पृष्ठभाग गुळगुळीत करतो. पुढे व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करते आणि कॅमेऱ्याची नोंदही काढून टाकते. असा खरा फोटोही यंत्राला बनावट वाटू शकतो. मजकुराच्या बाबतीतही तेच. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये आणलेले ओळखयंत्र माणसाने लिहिलेल्या १०० पैकी ९ मजकुरांना यंत्रलिखित ठरवत असे. कमी अचूकतेमुळे ते जुलैत मागे घेतले गेले.

डोळाही फसतो. पण पट्टी, नोंद, फलक ही निरीक्षणे दुसऱ्याला पुन्हा तपासता येतात. आकड्यामागचे कारण तिला कुणालाच दाखवता आले नसते.

आपल्या महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकावर एके काळी निगेटिव्ह पाहिल्याशिवाय फोटो लागत नसे. डार्करूममध्ये हायपोच्या वासात उभे राहून निगेटिव्हची पट्टी दिव्यासमोर धरायची, मागची-पुढची चौकट पाहायची आणि मगच होकार द्यायचा. त्या खोलीत आज संगणक आहेत, पण नियम बदलायचे कारण नाही. मूळ वस्तू आधी, मत नंतर. कथेतल्या मुलीने पाठवणाऱ्याला फोन करून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवली असती, तर वेळेची नोंद मिळाली असती, कदाचित ठिकाणाचीही. त्याच वेळी काढलेले आणखी दोन फोटो मागता आले असते. पाच मिनिटांचे काम.

वृत्तपत्रविद्येच्या विद्यार्थ्यांना एवढीच विनंती : पुढचा संशयास्पद फोटो आला की यंत्र उघडण्याआधी तो पाठवणाऱ्याला फोन लावा.