पडदा गेला नव्हता, पिशवी गढूळ झाली होती

(सोसायटीच्या ज्येष्ठ सभासदांच्या बैठकीत केलेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



मला डोळ्यांवर बोलायला सांगितलं आहे. सरकारी दवाखान्यात नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून माझी नोकरी झाली. ऑपरेशन डॉक्टर करायचे. नंबर काढणं, मोतीबिंदू शोधणं आणि शिबिरात माणसं नेणं-आणणं माझ्याकडे असायचं. त्यामुळे डोळ्यातलं मला कळतं असा तुमचा समज आहे. माझाही होता. आज मी माझ्याच घरातली गोष्ट सांगणार आहे, कारण त्या वेळी मला कळलं नव्हतं.

माझी थोरली बहीण आमच्याकडेच राहते, तुम्ही सगळे तिला अक्का म्हणता. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. झकास झालं. चौथ्या दिवशी ती गॅलरीतून खाली बघून म्हणाली, "भाऊ, त्या पोराच्या सदऱ्याले बटन नाही." महिनाभरात तिला तक्त्यावरची ६/९ ची ओळ वाचता येऊ लागली. पोथी पुन्हा सुरू झाली. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू होता. तो पुढच्या हिवाळ्यात करू, असं ठरलं.

पुढचा हिवाळा आला तेव्हा अक्का म्हणाली, दुसरा डोळा करायचा नाही. का, तर सांगेना. वयाचा हट्ट असेल, असं मी धरलं. मधल्या काळात पोथी बंद झाली होती, त्यावर ती म्हणायची की आता पाठ आहे. तांदूळ निवडायचं काम सुनेकडे गेलं होतं. संध्याकाळी रस्त्यावरून येताना गाडीचा उजेड समोर आला की ती जागेवर उभी राहायची. मी तिला चष्म्याच्या दुकानात नेलं आणि नंबर बदलून आणला. दोन महिन्यांनी पुन्हा बदलला. ज्यानं तीस-पस्तीस वर्षं लोकांच्या डोळ्यात टॉर्च मारली, त्यानं घरातल्या माणसाच्या डोळ्यात एकदा वाकून बघितलं नाही. एका वर्षात नंबर दोनदा बदलला आणि तरी दिसेना, म्हणजे दोष चष्म्याचा नाही. नोकरीत हे मी दुसऱ्यांना सांगत असे.

शेवटी ती जिन्यात शेवटची पायरी चुकली. पडली नाही, भिंतीला हात लागला म्हणून वाचली. त्या रात्री बोलली. काही महिन्यांपूर्वी ती भाचीबरोबर परस्पर एके ठिकाणी डोळा दाखवून आली होती. तिथं सांगितलं, "आजी, मागचा पडदा जाड झालाय." आमच्या जुन्या शेजाऱ्यांचा डोळा साखरेमुळे गेला तेव्हाही 'पडदा खराब झाला' हेच शब्द तिनं ऐकले होते. तिनं दोन्हींचा एकच अर्थ लावला. "भाऊ, पडदा गेला म्हंजे गेला. मले उगीच आशा नको लावू. अन् दुसराही डोळा असाच जाईन."

सगळा घोटाळा त्या एका शब्दानं केला. आपण पडदा म्हणतो तो डोळ्याच्या अगदी आत, मागच्या भिंतीला असतो. तिथं चित्र उमटतं. तो बिघडला तर काम अवघड. अक्काचं जे जाड झालं होतं ते वेगळंच होतं, आणि ते समजायला ऑपरेशनमध्ये काय करतात ते थोडं समजून घ्यावं लागेल.

आपलं नैसर्गिक भिंग एका पिशवीत असतं. पिशवी कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ आणि काचेसारखी स्वच्छ. भिंग गढूळ होतं तो मोतीबिंदू. डॉक्टर पिशवीच्या पुढच्या बाजूला साधारण पाच मिलिमीटरचं गोल दार करतात, आतला गढूळ गर काढून घेतात आणि त्या रिकाम्या पिशवीत नवं भिंग बसवतात. पिशवीची मागची भिंत तशीच ठेवतात. नवं भिंग तिच्या आधारानं राहतं आणि डोळ्याच्या मागच्या भागातला जेलीसारखा द्रव तिच्यामुळे पुढे येत नाही.

पिशवीच्या कडेला, शिवणीत धूळ राहावी तशा, काही जिवंत पेशी राहतातच. कितीही निगुतीनं धुतलं तरी सगळ्या निघत नाहीत. त्या हळूहळू वाढतात आणि मागच्या भिंतीवर सरकत येतात. कुठे त्यांचे भिजवलेल्या साबुदाण्यासारखे फुगीर दाणे होतात, कुठे भिंतीला चुण्या पडतात. हे मधोमध, बाहुलीच्या समोर आलं की माणसाला धुकट दिसतं. म्हणजे नवं भिंग खराब झालेलं नसतं, मोतीबिंदू परत आलेला नसतो आणि ऑपरेशनही फसलेलं नसतं. लोक याला 'परत मोतीबिंदू' म्हणतात, पण भिंगच काढून टाकल्यावर मोतीबिंदू व्हायला जागा कुठली?

तुम्ही म्हणाल, आमच्या आजोबांना हे कधी झालं नाही. बरोबर आहे. जुन्या शिबिरांत, शाळेच्या नाहीतर धर्मशाळेच्या खोल्यांत ऑपरेशनं व्हायची, तेव्हा भिंग पिशवीसकट ओढून काढत. पिशवीच नाही, तर जाड काय होणार? पण त्याच्या बदल्यात आजोबांना तो बाटलीच्या बुडासारखा दहा नंबरचा चष्मा लागे, आणि तो फुटला की माणूस आंधळा. पिशवी ठेवायची पद्धत आली म्हणून डोळ्यात भिंग बसवता आलं. आतलं भिंग पहिल्यांदा बसवलं ते लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी, १९४९ साली. पिशवी गढूळ होण्याची तक्रारही अगदी त्या काळापासूनची आहे.

किती जणांना होतं? पूर्वी पाच वर्षांत शंभरातल्या वीस-पंचवीस जणांना होत असे. हल्लीच्या भिंगांची मागची कड चौकोनी, धारदार असते, तिथं पेशी अडतात, म्हणून प्रमाण कमी झालं आहे. पण संपलेलं नाही. काहींना सहा महिन्यांत होतं, काहींना चार वर्षांनी. वय जितकं कमी तितकी शक्यता जास्त. लहान मुलांत तर जवळजवळ सगळ्यांनाच होतं.

अक्काला मी दुसऱ्याच दिवशी घेऊन गेलो. तक्त्यावर उजवा डोळा ६/२४ वर उतरला होता. बाहुली मोठी करायचे थेंब टाकले, दाब मोजला आणि डॉक्टरांनी तिला यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवलं. बाहुलीतून आत उजेड टाकला की मागच्या पडद्यावरून लालसर चकाकी परत येते. त्या लाल उजेडावर पिशवी दिव्यासमोर धरलेल्या काचेसारखी दिसते. डॉक्टरांनी मला बघायला बोलावलं. मधोमध साबुदाण्याच्या दाण्यांचा थर होता. इतका स्पष्ट, की मला लाज वाटली. त्यांनी मागचा पडदाही नीट तपासला. तो स्वच्छ होता. हे तपासणं सोडायचं नसतं, कारण पिशवी थोडी गढूळ आणि खरा दोष पडद्यावर, असंही असतं. मग लेझर करूनही दिसत नाही आणि लेझरला दोष लागतो.

यावरचा इलाज म्हणजे याग लेझर. अक्का घाबरली, कारण लेझर म्हणजे डोळा भाजणं असं तिच्या डोक्यात. हा किरण भाजत नाही. तो डोळ्याला न दिसणारा असतो; नेम धरण्यासाठी बरोबर लाल ठिपका असतो. सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागाएवढ्या वेळात तो एका बिंदूवर येतो, तिथं बारीकशी ठिणगी पडते आणि तिच्या धक्क्यानं पापुद्रा फाटतो. १९८० च्या आसपास पॅरिसच्या दानिएल आरों-रोझा आणि स्वित्झर्लंडचे फ्रान्झ फांकहाउझर यांनी हे डोळ्यासाठी वापरात आणलं. त्याआधी हीच पिशवी डोळ्यात सुईसारखी पाती घालून कापावी लागे.

प्रत्यक्षात झालं ते असं. दाब वाढू नये म्हणून एक थेंब, डोळा बधिर व्हायला एक थेंब. इंजेक्शन नाही, उपाशी राहणं नाही, झोपवणं नाही. अक्का खुर्चीवर बसूनच होती. डोळ्यावर जेल लावून एक छोटं भिंग टेकवलं, म्हणजे पापणी मिटत नाही आणि नेम पक्का बसतो. मग टक्, टक् असा आवाज. डॉक्टर नेम पिशवीच्या जरासा मागे धरतात, नाहीतर नव्या भिंगावर बारीक खड्डे पडतात. वरून खाली, मग आडवं, अशी फुली मारत गेले. पापुद्र्याची टोकं आपोआप मागे वळली आणि मधोमध तीन-चार मिलिमीटरची खिडकी झाली. मी मोजले, सत्तावीस टक्. पाच मिनिटंही लागली नाहीत. पट्टी नाही. तासाभरानं पुन्हा दाब मोजला, आठवडाभराचे थेंब दिले आणि त्या दिवशी गाडी चालवू नका म्हणाले. त्यावर अक्का म्हणाली, "मी कायची चालवते!"

बाहुली मोठी असल्यामुळे त्या संध्याकाळी तिला सगळं लखलखीत आणि अस्पष्टच दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोथी काढली. डोळ्यापुढे दोन-तीन काळे ठिपके तरंगत होते, ते फाटलेल्या पापुद्र्याचे. पंधरा दिवसांत कमी झाले. दृष्टी पुन्हा ६/९. मोठ्या माणसांत ही खिडकी सहसा बुजत नाही.

आता धोक्याचं सांगतो, कारण हे 'काहीच नाही' असं मी म्हणणार नाही. दाब वाढू शकतो, म्हणून तासाभराची तपासणी टाळून बस पकडायला पळू नका. क्वचित पडद्याला सूज येते, आणि शंभरात एखाद्याचा, किंवा त्याहून कमी जणांचा, पडदा सुटतो. मोठा मायनस नंबर असलेल्यांना हा धोका जास्त. म्हणून लेझरनंतर विजेसारखे चमकारे दिसले, एकदम खूप ठिपके आले किंवा एका बाजूनं काळी सावली सरकत आली, तर सकाळची वाट बघायची नाही. डोळा दुखतोय, लाल झालाय, नजर एका दिवसात गेली, तर तो पिशवीचा आजार नव्हेच. पिशवी महिन्यांच्या हिशेबानं, न दुखता गढूळ होते.

आणखी एक. बसवलेलं भिंगच चुकीच्या नंबरचं निघालं आणि बदलायचं असेल, तर ते लेझरच्या आधी. मागची भिंत एकदा उघडली की भिंग बदलणं फार जोखमीचं होतं. म्हणून ऑपरेशननंतर दोन महिन्यांत धुकट दिसलं की 'लेझर मारून टाका' असा आग्रह डॉक्टरांना करू नका. उलट कुणी पिशवीच्या धुक्यासाठी नवं भिंग घालायला सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

आपल्या उंद्रीसारख्या ठिकाणी अडचण वेगळी आहे. ऑपरेशनला न्यायला शिबिराची गाडी दारात येते. हे लेझर यंत्र दारात येत नाही. चिखली, खामगाव, बुलढाणा, कुठेही निघायच्या आधी फोन करून विचारा, "याग लेझर आहे का, आणि कोणत्या वारी?" सोबत एक माणूस हवा. ऑपरेशनचं कार्ड आणि त्यावरचं भिंगाचं स्टिकर फेकू नका, तेही न्या.

अक्काचा डावा डोळा गेल्या माघात झाला. त्याची पिशवी अजून स्वच्छ आहे. दर सहा महिन्यांनी बाहुली मोठी करून तपासून आणतो आणि घरी रोज एक-एक डोळा झाकून तिला कॅलेंडर वाचायला लावतो. ती वैतागते, म्हणते, "तिथी मले पाठ आहे, भाऊ." म्हणून आता मी तिला खालची बारीक जाहिरात वाचायला लावतो.