एक बोलका, एकोणतीस मुके



अध्यक्षाने वर्षभरातल्या साऱ्या विज्ञानाचा आढावा घ्यावा, असा आपल्याकडे प्रघात आहे. आज मी तो मोडणार आहे. मला मिळालेला वेळ मी एका घटनेला देणार आहे, आणि ती घटना सेकंदाच्या एका लहानशा अंशात संपली होती.

28 एप्रिल 2020. आपल्याकडे रात्रीचे 8 वाजून गेले होते, टाळेबंदी चालू होती. कॅनडात पेंटिक्टनजवळ तेव्हा सकाळ होती आणि तिथली ‘चाइम’ ही रेडिओ दुर्बीण नेहमीप्रमाणे आकाश टिपत होती. 100 मीटर लांबीच्या चार अर्धगोल पन्हळी, हलणारा भाग एकही नाही. पृथ्वी फिरेल तसे आकाश त्यांच्यावरून सरकते. त्या दिवशी तिच्या नजरेच्या पार कडेला, मध्यापासून सुमारे 22 अंश दूर, दोन तीव्र रेडिओ ठिणग्या उमटल्या. दोघींमध्ये अंतर 29 मिलिसेकंदांचे. दिशा जंबुक तारकासमूहातली. तिथे आपल्याच आकाशगंगेतला एक मॅग्नेटार आहे, एसजीआर 1935+2154.

मॅग्नेटार म्हणजे प्रचंड चुंबकत्व असलेला न्यूट्रॉन तारा. व्यास जेमतेम 20 किलोमीटर, वस्तुमान सूर्याहून जास्त. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अर्धा गॉस धरले तर याचे दोनशे लाख कोटी गॉसच्या घरात जाते. हा तारा 3.24 सेकंदांत एक गिरकी घेतो आणि अधूनमधून क्ष-किरणांचे स्फोट करतो. त्या आठवड्यात तो चांगलाच खवळलेला होता.

दूरच्या दीर्घिकांतून येणारे वेगवान रेडिओ स्फोट आपल्याला 2007 पासून ठाऊक होते. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीच्या 2001 मधल्या जुन्या नोंदी चाळताना पहिला हाती लागला. पण इतक्या दूरच्या, एकदा चमकून विझणाऱ्या स्रोतापाशी नेमके काय घडले, हे कळायचे कसे? म्हणून घरातल्या या स्फोटाचे महत्त्व.

तो त्याच ताऱ्याचा होता कशावरून? केवळ दिशा जुळली म्हणून नव्हे. ताऱ्यांमधल्या विरळ इलेक्ट्रॉनांतून येताना रेडिओ लहरी रेंगाळतात. वारंवारता जितकी कमी तितका उशीर जास्त. या स्फोटाचा हिशेब मांडला तर 800 मेगाहर्ट्‌झची लहर सुमारे 2.2 सेकंद उशिरा पोहोचते आणि 400 मेगाहर्ट्‌झची 8.6 सेकंद. क्ष-किरणांना असा उशीर होत नाही. इंटिग्रल, कोनस-विंड आणि चीनचा इनसाइट या अंतराळातल्या उपकरणांनी त्याच वेळी या ताऱ्याचा क्ष-किरण स्फोट नोंदवला होता. रेडिओचा उशीर वजा केल्यावर क्ष-किरणांतही तशीच दोन शिखरे दिसली, जवळपास तितक्याच अंतराने, रेडिओच्या मागोमाग काही मिलिसेकंदांनी. एवढा मेळ योगायोगाने बसत नाही.

पण चाइमने तो डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिला होता, त्यामुळे खरी प्रखरता ठरवणे तिला अवघड होते. ते काम ‘स्टेअर-2’ने केले. कॅलटेकमधला पीएच.डी.चा विद्यार्थी ख्रिस्तोफर बोशेनेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया आणि युटा इथे तीन ठिकाणी लहान अँटेना बसवल्या होत्या. धातूच्या नळीचा तुकडा आणि केक भाजायचे दोन डबे, एवढ्यावर त्यांचा लहरी पकडणारा भाग उभा होता. संवेदनक्षमता यथातथाच, पण आकाशाचा मोठा भाग एकाच वेळी नजरेत. तीन ठिकाणे कशाला? पार्क्सला वर्षानुवर्षे चकवणारे काही संकेत स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचे निघाले होते. ओव्हन थांबण्याआधीच कोणी दार उघडले की ते निघत. शेकडो किलोमीटर दूर असलेल्या तीन अँटेनांना एकच ओव्हन फसवू शकत नाही. त्या सकाळी तिन्ही अँटेनांनी एकच स्पंद नोंदवला. तोवर माहीत असलेल्या परदीर्घिकांतल्या सर्वांत दुबळ्या स्फोटापेक्षा तो 30-40 पटच कमी होता. आपल्या कुठल्याही मॅग्नेटारकडून आलेल्या आधीच्या रेडिओ स्पंदांपेक्षा मात्र हजारो पटींनी जास्त.

इथे अनेकांनी कोडे सुटल्याचे जाहीर केले. माझ्या मते खरे कोडे इथून सुरू झाले.

या स्फोटाच्या सुमारे 14 तास आधी चीनची फास्ट ही 500 मीटरची दुर्बीण याच ताऱ्याकडे रोखलेली होती. तेवढ्या अवधीत ताऱ्याने क्ष-किरणांचे 29 स्फोट केले. रेडिओत एकाचाही मागमूस नाही, आणि ही दुर्बीण स्टेअर-2 पेक्षा कितीतरी पटींनी तीक्ष्ण. त्याआधीचे उदाहरण आणखी बोलके आहे. 27 डिसेंबर 2004 रोजी एसजीआर 1806-20 या मॅग्नेटारचा महास्फोट झाला. त्याने पृथ्वीच्या आयनांबरातही खळबळ उडवली. पार्क्स दुर्बीण तेव्हा दुसरीकडे पाहत होती, पण असा रेडिओ स्फोट असता तर कडेनेही तिच्या नोंदीत आला असता. श्रीहर्ष तेंडुलकर आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये त्या नोंदी तपासल्या. काही नव्हते. महास्फोट मुका आणि किरकोळ स्फोट बोलका, असे का?

एक उत्तर असे की रेडिओचा झोत अरुंद असतो आणि बहुतेक वेळा तो आपल्याकडे वळलेला नसतो. हे शक्य आहे, पण एवढ्यावर माझे समाधान होत नाही. कारण एप्रिलचा तो क्ष-किरण स्फोट मुळातच भावंडांपेक्षा वेगळा होता. त्याची ऊर्जा नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत पोहोचली होती. ऑक्टोबर 2022 मध्ये याच ताऱ्याने पुन्हा तसा रेडिओ स्फोट केला, तेव्हा सुमारे 9 तासांच्या अंतराने त्याची गिरकी दोनदा एकाएकी वाढली आणि स्फोट नेमका त्या दोन झटक्यांच्या मधे झाला. म्हणजे ताऱ्याच्या पोटात काही हलावे लागते, नुसते वरचे चुंबकीय क्षेत्र तडकून भागत नाही, असा माझा कयास आहे.

तरीही सगळे स्फोट मॅग्नेटारच्या माथी मारायची घाई नको. एम 81 दीर्घिकेजवळ, सुमारे 1.2 कोटी प्रकाशवर्षांवर, एक पुन्हा पुन्हा स्फोट करणारा स्रोत सापडला आहे. तो ज्या गोलाकार तारकागुच्छात आहे, तिथले भारी तारे अब्जावधी वर्षांपूर्वीच संपले. मॅग्नेटारचा जोर हजारो वर्षांत ओसरतो. मग तिथे तो आला कुठून? श्वेतबटू कोसळून किंवा दोन मृत तारे एकमेकांत मिसळून नवा मॅग्नेटार बनू शकतो, पण आज तरी ते अनुमानच आहे.

आता आपल्या घरचे सांगतो. नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटीने 16.35 दिवसांच्या ठेक्यात जागणाऱ्या एका दूरच्या स्रोताचे 15 स्फोट 2020 मध्ये टिपले. त्या दुर्बिणीचे सामर्थ्य वादातीत आहे, पण तिच्या तबकड्या एका वेळी पौर्णिमेच्या चंद्राहून थोडाच मोठा तुकडा पाहतात. आपल्या आकाशगंगेतला पुढचा स्फोट कुठे होईल हे कोण सांगणार? 28 एप्रिल 2020 च्या त्या क्षणी एसजीआर 1935+2154 आपल्या क्षितिजाखाली होता. पुढच्या वेळी स्रोत आपल्या डोक्यावर आणि अमेरिकेच्या क्षितिजाखाली असू शकतो.

म्हणून इथे बसलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. शहरांपासून दूर, एकमेकींपासून निदान 200 किलोमीटरवर, तीन जागा शोधा. मोबाइलच्या मनोऱ्यांचा गोंगाट तिथे आधी महिनाभर मोजा, आणि मगच स्टेअर-2 सारख्या लहान अँटेना उभारा. उपग्रहाच्या वेळेशी जुळवलेली घड्याळे आणि नोंदी साठवणारे संगणक तुमच्या प्रयोगशाळांत आजही आहेत. चौथ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय हवा असेल, तर हा घ्या.