पुढचा हप्ता येणार कुठून?

बाजार कोसळला तर म्युच्युअल फंडाची एसआयपी थांबवावी का आणि नोकरी गेली तर थांबवावी का, हे दोन प्रश्न आपण एका दमात विचारतो. उत्तरं मात्र उलटी आहेत. पहिल्या वेळी फक्त युनिटचा भाव उतरलेला असतो, दुसऱ्या वेळी घरात येणारा पैसाच थांबलेला असतो. 2020चंच पाहा. जानेवारीअखेर बारा हजारांच्या जवळ असलेला निफ्टी मार्चअखेर 8,600च्या आसपास आला होता. समजा, पगार चालू असलेल्या कुणी घाबरून मार्च, एप्रिल आणि मे महिन्यांचे दहा-दहा हजारांचे हप्ते थांबवले. निफ्टीच्या इंडेक्स फंडात ते दर महिनाअखेरीस गेले असते, तर डिसेंबरअखेर त्या तीस हजारांचे साधारण पंचेचाळीस हजार झाले असते. हेच तीन हप्ते सप्टेंबर ते नोव्हेंबरमधले असते तर जेमतेम पस्तीस. म्हणजे सगळ्यात महागात पडतो तो भीतीपोटी घेतलेला विराम, कारण भीती नेमकी भाव स्वस्त असतानाच वाटते. कुणी म्हणेल, बाजार इतक्या लवकर सावरेल हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? बरोबर आहे. 2008च्या जानेवारीतली पातळी सेन्सेक्सला पुन्हा दिसली ती 2010च्या नोव्हेंबरात. पण मधल्या काळातले हप्ते उतरलेल्या भावानेच लागले होते. मात्र हे व्यापक फंडाबद्दल झालं. एकाच क्षेत्राच्या फंडाची अशी हमी मी देणार नाही.

नोकरी गेल्यावर हिशेब फिरतो. बचत खात्यात दीड लाख, घरखर्च चाळीस हजार, गृहकर्जाचा हप्ता पंधरा आणि एसआयपी दहा हजार, असं घर धरा. एसआयपी थांबवून ते दीड लाख फार तर बारा-तेरा दिवस जास्त पुरतात. मग एवढ्यासाठी कशाला थांबवायची, असा आक्षेप येतो. पण आज गुंतवलेले दहा हजार दोन महिन्यांनी पडत्या भावात विकावे लागले तर हप्ता चालू ठेवून काय साधलं? त्यातून ते करबचतीच्या ईएलएसएसमध्ये गेले असतील, तर प्रत्येक हप्ता तीन वर्षं अडकतो, आणि किराणा क्रेडिट कार्डावर चढतो. कार्डाची थकबाकी महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी वाढते, तिच्याशी कुठला फंड बरोबरी करणार? हाताशी वर्षभराचा खर्च असेल किंवा घरात दुसरा पगार असेल, तर हप्ता कमी करून चालवायला हरकत नाही. इतरांनी तो थांबवावा, पण रीतसर. खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत गेला तर बँक दंड लावते, आणि सलग तीन हप्ते चुकले तर मासिक एसआयपी रद्दच होते. त्यापेक्षा कापणीच्या तारखेआधी पुरेसे दिवस राखून फंडाकडे ‘पॉज’ची विनंती द्यावी, मुदत सहसा काही महिन्यांचीच मिळते. ती कधी संपते हे लिहून ठेवा, कारण नोकरी मिळालेली नसली तरी त्यानंतरचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जाईल.