नमस्कारापासून निरोपापर्यंत : मराठी शिकणाऱ्यांचा संभाषणाचा सराव

(भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्राच्या सेवेत येणाऱ्या सर्वच अधिकाऱ्यांची व शिक्षकांची मातृभाषा मराठी नसते. भारतीय प्रशासकीय सेवेतील ज्या उमेदवारांना महाराष्ट्र राज्य मिळते, त्यांना मसुरीच्या अकादमीतच मराठीचे पहिले धडे दिले जातात. राज्याचा कारभार मराठीतून चालावा यासाठी १९६४ चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम आहे. अमराठी कर्मचाऱ्यांसाठी मराठीच्या परीक्षाही घेतल्या जातात. असे असूनही, परीक्षा उत्तीर्ण झालेला आणि टिपणी लिहू शकणारा कर्मचारी गावात गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच अडखळतो, हा अनुभव विरळा नाही. याचे कारण शब्दसंग्रहाची उणीव हे क्वचितच असते. त्याने आपली वाक्ये पाठ केलेली असतात, परंतु त्या वाक्यांना समोरून काय उत्तर येईल याचा सराव केलेला नसतो, हे खरे कारण होय.

एक उदाहरण कल्पू या. हिंदी मातृभाषा असलेल्या एक तरुण अधिकारी बाई प्रथमच एका गावी ग्रामसभेसाठी निघाल्या आहेत. वर्गात त्यांनी शिक्षकांच्या मागोमाग म्हटलेली वाक्ये त्यांना तोंडपाठ आहेत. ग्रामपंचायतीच्या दारात त्या उभ्या राहतात आणि म्हणतात, “नमस्कार. मी आलो आहे.” जमलेल्या मंडळींपैकी कोणीतरी हळूच हसतो.

ही चूक बाईंच्या अभ्यासाची नसून शिकवण्याच्या पद्धतीची आहे. मराठीत बोलणाऱ्याचे लिंग क्रियापदात उतरते. पुरुष ‘मी येतो, मी आलो’ म्हणतो, स्त्री ‘मी येते, मी आले’ म्हणते. शिक्षक पुरुष असेल, तर त्याच्या तोंडून स्वतःविषयी ‘मी आले’ हे रूप शिकणाऱ्या स्त्रीच्या कानावर कधी पडतच नाही. चूक झाल्यावर तो ‘अच्छा, तुम्ही आलात’ असे शुद्ध उत्तर देईल, पण त्यातही ते रूप येत नाही. म्हणून वर्गात एक स्त्री व एक पुरुष असे दोन आवाज असणे अगत्याचे आहे. शिक्षक पुरुष असल्यास कार्यालयातील एखाद्या लिपिक भगिनीने रोज दहा मिनिटे बसले तरी भागते. हीच गोष्ट ‘तुम्ही कसे आहात?’ या प्रश्नाची. स्त्रीला विचारताना तो ‘कशा आहात?’ असा होतो, आणि उत्तर ‘मी बरी आहे’ असे येते. कोल्हापूरकडे मात्र स्त्रियाही ‘मी आलो, मी जातो’ असे सहज म्हणतात. तेथे आपल्या या अधिकारी बाईंना कोणीही हसले नसते!

आता त्या आत येतात. सरपंच म्हणतात, “या, बसा. जेवण झालं का?” बाई गोंधळतात. पुस्तकात त्यांनी ‘झाले’ वाचलेले असते. बोलताना त्याचे ‘झालं’ होते आणि शेवटचा स्वर थोडा लांबतो. लिहिताना त्यावर अनुस्वार देतात म्हणून हिंदी भाषक तो नाकात उच्चारतात, आणि नाकातला तो उच्चार कानी न आल्यामुळे ऐकलेला शब्द त्यांना ओळखू येत नाही. ‘केलं, आलं, असं, कसं’ हे शब्द वाचून नव्हे तर ऐकूनच शिकले पाहिजेत. दुसरा गोंधळ अर्थाचा. जेवणाची ही विचारपूस म्हणजे आमंत्रण नव्हे आणि चौकशीही नव्हे. ‘हो, झालं. तुमचं?’ एवढे उत्तर पुरते. रस्त्यात कोणी ‘काय, कुठं निघालात?’ असे विचारले, तर त्यालाही ‘इथंच, जरा जाऊन येते’ एवढेच अपेक्षित असते. प्रवासाचा संपूर्ण कार्यक्रम सांगणारा नवशिका ऐकणाऱ्याला अवघडून टाकतो.

मग चहा येतो. “चहा घेणार ना?” या प्रश्नाला बाई ‘नाही’ म्हणतात. हिंदीत नकाराचे काम ‘नहीं’ या एकाच शब्दावर बहुधा भागते. मराठीत ‘नाही’ने वस्तुस्थिती नाकारली जाते, तर देऊ केलेली वस्तू ‘नको’ने नाकारली जाते. ‘चहा नाही’ म्हणजे चहा शिल्लक नाही. ‘चहा नको’ म्हणजे मला घ्यायचा नाही. चहाच्या प्रश्नाला नुसते कोरडे ‘नाही’ आले, तर यजमानाला ते तोडून टाकल्यासारखे वाटते. शिवाय पहिले ‘नको’ अखेरचे समजले जात नाही. यजमान पुन्हा आग्रह करणारच. त्या वेळी ‘आत्ता नको, सभा झाल्यावर घेईन’ किंवा ‘अर्धा कप चालेल’ हे दुसरे वाक्य तयार असावे लागते. वर्गात हा सराव एकदा विचारून थांबवू नये. विचारणाऱ्याने तीनदा आग्रह करावा आणि शिकणाऱ्याने दर वेळी निराळे उत्तर द्यावे.

हिंदी आणि मराठी जवळच्या भाषा आहेत, आणि हा जवळपणाच पुष्कळदा फसवतो. ‘ही खुर्ची खाली आहे का?’ असे बाई विचारतात. त्यांना खुर्ची रिकामी आहे का, हे हवे असते. एका तरुण सदस्याला त्या कौतुकाने विचारतात, “तुमची शिक्षा कुठे झाली?” हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत तिचा अर्थ दंड. तेव्हा तो सदस्य आपल्या हातून कोणता गुन्हा घडला या विचारात पडल्यास नवल नाही. ‘चेष्टा’ हा शब्दही असाच. हिंदीत तो प्रयत्न, तर मराठीत थट्टा. ‘आम्ही खूप चेष्टा केली’ असे अधिकाऱ्याने सभेत सांगू नये. असे शब्द मोजके असतात. ते सुटे पाठ न करता त्यांच्या प्रश्नासह घोकावेत : ‘शिक्षण कुठपर्यंत झालं?’, ‘ही खुर्ची रिकामी आहे का?’

इथवरच्या चुका हसण्यावारी नेता येतात. पुढची चूक तशी नाही.

ग्रामसभेत बाई उभ्या राहतात आणि म्हणतात, “पुढच्या महिन्यात आम्ही नाला खोल करू.” त्यांच्या मनात हिंदीतील ‘हम’ आहे : गावकरी, पंचायत आणि आपण स्वतः, सर्व मिळून. परंतु मराठीतील ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळतो. ऐकणारा धरून सर्वजण, असे म्हणायचे असेल तर ‘आपण’ हाच शब्द लागतो. गावकऱ्यांनी ऐकले ते असे की, सरकारी खाते नाला खोल करणार आहे. ते समाधानाने माना डोलावतात. महिना उलटतो, खाते श्रमदानाची वाट पाहते आणि गाव खात्याची. दोन्ही बाजूंना दुसऱ्याने शब्द मोडला असे वाटते, आणि चूक एका सर्वनामात दडलेली आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. व्याकरणदृष्ट्या वाक्य शुद्ध असल्याने ते ऐकून कोणी हसत नाही, म्हणून ती दुरुस्तही होत नाही.

ती ओळखण्याचा उपाय साधा आहे. योजना सांगून झाल्यावर लगेच विचारावे, “मग हे काम कोण करणार?” उत्तर ‘तुम्ही’ असे आले, तर सर्वनाम चुकले असे समजावे. सरावासाठी हातांचा उपयोग करावा. ‘आम्ही’ म्हणताना हात स्वतःच्या छातीशी न्यावा. ‘आपण’ म्हणताना समोरच्याला सामावून घेणारे वर्तुळ काढावे. ‘उद्या आम्ही भेटू’ आणि ‘उद्या आपण भेटू’, ‘आम्ही पैसे जमवू’ आणि ‘आपण पैसे जमवू’ अशा जोड्या आलटून पालटून म्हणाव्यात आणि प्रत्येक वाक्यानंतर समोरच्याने ‘मी त्यात आहे’ किंवा ‘मी त्यात नाही’ असे सांगावे. आठवडाभरात हातांची गरज उरत नाही.

‘आपण’ची आणखी एक अडचण आहे. हा शब्द आदरार्थी ‘तुम्ही’च्या जागीही येतो. हिंदी भाषकांना ‘तुम्ही’ हा शब्द ‘तुम’सारखा वाटतो आणि तो वापरल्यास अपमान होईल, अशी भीती वाटते. म्हणून ते शिपायापासून सरपंचापर्यंत सर्वांना ‘आपण’ म्हणतात. वास्तविक ‘तुम्ही’ पुरेसा आदरार्थी आहे. घरातील वडीलधाऱ्यांनाही तो चालतो. पत्रव्यवहारात आणि सभेच्या व्यासपीठावर ‘आपण’ शोभतो, ओट्यावरच्या गप्पांत तो अंतर निर्माण करतो. शिवाय ‘आपण कधी येणार?’ या वाक्यात तुम्ही येणार की सर्व मिळून येणार, हे क्रियापदावरून कळत नाही. समोरच्यासाठी ‘तुम्ही’ आणि सर्वांसाठी ‘आपण’ एवढे ठरवून टाकले, तर नवशिक्याचे निम्मे घोटाळे टळतात.

सरावाच्या वेळेविषयीही थोडे सांगितले पाहिजे. अमराठी माणूस अडखळला की मराठी माणूस सौजन्याने चटकन हिंदीत बोलू लागतो. हे सौजन्य शिकणाऱ्याच्या मुळावर येते, कारण त्याचे दुसरे वाक्य कधी तयारच होत नाही. यासाठी कार्यालयातील एका सहकाऱ्याशी ठरवून घ्यावे की, दररोज पंधरा मिनिटे काहीही झाले तरी हिंदी बोलायचे नाही. अडल्यास ‘पुन्हा सांगा’, ‘हळू बोला’, ‘याला काय म्हणतात?’ ही तीन वाक्ये वापरावीत. सहकाऱ्याने प्रत्येक चूक दाखवू नये. एका दिवशी एकच चूक धरावी आणि तीच तेवढी सुधारावी; दहा चुका एकदम दाखवल्यास बोलणेच बंद पडते. निम्म्या वेळेनंतर भूमिका बदलाव्यात, म्हणजे शिकणाऱ्याला यजमान होऊन ‘या, बसा’ म्हणावे लागते आणि विचारणाऱ्याची वाक्येही त्याच्या तोंडी बसतात.

सभा संपते. आपल्या अधिकारी बाई उठून म्हणतात, “मी जाते.” अर्थ बरोबर आहे, परंतु निरोप घेताना मराठी माणूस ‘जातो’ म्हणणे टाळतो, ते अशुभ मानले जाते. तो ‘येतो’ म्हणतो, म्हणजे पुन्हा येईन. बाईंनी ‘येते’ किंवा ‘येऊ का?’ म्हणावयास हवे. त्यावर सरपंचांचे उत्तर येते, “या.” आता हा तोच शब्द आहे, जो दारात शिरताना ऐकला होता. नवशिक्याला वाटते, आपल्याला पुन्हा आत बोलावत आहेत. तो मागे वळतो आणि प्रसंगी खुर्चीवर बसतोही. या जोडीचा सराव बाकावर बसून होत नाही. उभे राहावे, दारापर्यंत जावे, ‘येते’ म्हणावे, मागून ‘या’ ऐकावे आणि उंबरठा ओलांडावा.