रिकाम्या बाटलीचा हिशेब

आज आपण गोटी सोडा बनवणाऱ्या बचत गटांसाठी बोलणार आहोत. पण दुधाच्या काचेच्या बाटल्या किंवा भाजीचे क्रेट देणाऱ्या गटांनाही हा हिशेब लागू पडेल.

सोडा दुकानात पोचला, पैसे आले, की आपल्याला वाटतं व्यवहार पूर्ण झाला. तो अर्धाच झालेला असतो. सोडा विकला, पण बाटली विकलेली नाही. ती आपली आहे आणि ती परत यायला हवी. एका सोड्यामागे आपल्याला चार-पाच रुपये सुटतात आणि बाटली पंचवीस-तीस रुपयांची असते. म्हणजे एक बाटली गेली की पाच-सहा बाटल्यांची कमाई गेली. गोटीच्या बाटलीला तर आणखी एक धोका आहे. आतली गोटी मिळावी म्हणून पोरं बाटली फोडतात.

म्हणून डिपॉझिट घ्यायचं. किती घ्यायचं? नवी बाटली गाडीभाड्यासकट आपल्याला जितक्याला पडते, साधारण तितकं. समजा बाटलीला 25 रुपये आणि क्रेटला 150 रुपये ठरवले. क्रेटमध्ये 24 बाटल्या, म्हणजे 600 अधिक 150, असे एका क्रेटचे 750 रुपये. डिपॉझिट दर फेरीला घ्यायचं नसतं. दुकानात कायम जितके क्रेट मुक्कामाला राहतात, तितक्यांचं एकदाच घ्यायचं. टपरीवर दोन क्रेट राहत असतील तर 1500 रुपये. पुढे भरलेला क्रेट द्यायचा आणि रिकामा घ्यायचा.

हे 1500 रुपये आपली कमाई नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. ते दुकानदाराचे पैसे आपल्याकडे ठेवलेले आहेत. चौदा दुकानं असतील तर 21,000 रुपये जमतात आणि पेटीत ते विक्रीच्या पैशांसारखेच दिसतात. ते नफा म्हणून वाटले आणि पावसाळ्यात सोडा खपेनासा झाल्यावर पाच दुकानदारांनी क्रेट परत करून डिपॉझिट मागितलं, तर द्यायचं कुठून? म्हणून डिपॉझिटची पावती वेगळी, वहीतलं पान वेगळं, आणि जमलं तर बँकेतलं खातंही वेगळं ठेवा.

आता रोजची नोंद. प्रत्येक दुकानाला एक कार्ड करा. त्यावर तारीख, दिलेल्या बाटल्या, परत आलेल्या बाटल्या, शिल्लक आणि सही असे रकाने आखा. क्रेटसाठी असेच रकाने शेजारी. क्रेट आणि बाटल्या एकत्र मांडू नका, कारण क्रेट परत येतो आणि त्यातले तीन खण रिकामे असतात. टेम्पोवर घाई असते, "एक क्रेट आला" असं लिहिलं जातं आणि 21 बाटल्यांच्या 24 होतात. म्हणून क्रेट नाही, बाटल्या मोजायच्या. गळ्याला टवका उडालेली बाटली आणि दुसऱ्या कारखान्याची बाटली तिथल्या तिथे बाजूला काढायची आणि दुकानदाराला दाखवायची. ती आपल्या जमेत धरायची नाही. टेम्पोत फुटलेली बाटली मात्र आपल्या खात्यात. दुकानात फुटली तर दुकानाच्या. हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. कार्डाच्या दोन प्रती ठेवा, एक दुकानात, एक आपल्याकडे, आणि दर फेरीला दोन्हींवर सही घ्या. सही राहिली की महिनाअखेरीला भांडण ठरलेलंच.

आता महिनाअखेर. एक उदाहरण घेऊ. स्टँडजवळच्या टपरीवर एक तारखेला 48 बाटल्या आणि 2 क्रेट होते. महिन्याभरात आपण 384 बाटल्या दिल्या, म्हणजे 16 क्रेट. परत आल्या 378 बाटल्या आणि 15 क्रेट. 48 मध्ये 384 मिळवा, 432 झाल्या. त्यातून 378 वजा करा, 54 राहिल्या. क्रेट राहिले 3.

मग 54 बाटल्यांचे पैसे लावायचे का? नाही. इथेच पुष्कळ गट चुकतात. या 54 म्हणजे हरवलेल्या बाटल्या नाहीत, टपरीवर असायला हव्यात तितक्या बाटल्या आहेत. म्हणून 30 तारखेला तिथे जाऊन मोजायचं. भरलेल्या निघाल्या 19, रिकाम्या 28, एकूण 47. म्हणजे कमी पडल्या 7. क्रेट दिसले दोनच. काकांना विचारलं तर तिसरा शेजारच्या भाजीवाल्याकडे टोमॅटो भरून ठेवलेला. तो लगेच रिकामा करून टेम्पोत चढवला आणि परत आल्याची नोंद केली. त्याचे पैसे लावायचा प्रश्नच उरला नाही. बिल करण्याआधी एकदा विचारावं, ते यासाठी.

बिल झालं 7 गुणिले 25, म्हणजे 175 रुपये. सोड्याच्या बिलात ही ओळ वेगळी लिहा: "परत न आलेल्या बाटल्या 7". काकांनी 175 रोख दिले तर 1500 चं डिपॉझिट तसंच राहतं. रोख दिले नाहीत तर डिपॉझिटमधून कापा, ते 1325 राहील. पण दोन्ही करू नका. पैसेही घेतले आणि डिपॉझिटही कापलं, तर एकाच बाटलीचे दोनदा पैसे घेतल्यासारखं होतं आणि गिऱ्हाईक तुटतं. गटाची जीएसटी नोंदणी असेल तर हिशेबनिसाला हेही सांगा. डिपॉझिट नुसतं ठेवलेलं असतं तोवर ती विक्रीची रक्कम धरत नाहीत. कापून घेतलं की गोष्ट बदलते.

पैसे लावल्यावर कार्डावरची शिल्लक 54 वरून 47 करायला विसरू नका. विसरलात तर त्याच 7 बाटल्या पुढच्या महिन्यात पुन्हा कमी दिसतील. पुढच्या महिन्यात त्यांतल्या 3 सापडून परत आल्या तर? तेव्हा मोजणी कार्डापेक्षा तीनने जास्त भरेल. मग काकांना 75 रुपये परत द्या आणि तसं लिहा. पैसे परत मिळतात हे कळलं की दुकानदार स्वतःहून बाटल्या शोधतात.

शेवटी गटाचा एकूण ताळा. समजा गटाने आजवर 1200 बाटल्या घेतल्या. शेडमध्ये भरलेल्या-रिकाम्या मिळून 610 आहेत, सगळ्या कार्डांची शिल्लक 540, आणि फुटलेल्या किंवा पैसे लावून वजा केलेल्या 31. बेरीज 1181. मग 19 बाटल्या गेल्या कुठे? त्या कुठल्याच दुकानाच्या नावावर नाहीत, तेव्हा त्यांचे पैसे कुणावरही लावता येणार नाहीत. गळती आपल्याच घरात आहे. टेम्पोत फुटून न लिहिलेल्या असतील, नाही तर परत आलेले क्रेट न मोजता जमा केलेले असतील. हा ताळा दर महिन्याला घेतला तर 19 वरच कळतं. वर्षाने घेतला तर दोनशेवर कळतं, आणि तोवर ऐन एप्रिलात सोडा भरायला बाटल्या उरलेल्या नसतात.

येत्या बैठकीत एवढं करा. दोन जणींवर महिनाअखेरच्या मोजणीचं काम सोपवा, आणि टेम्पोवर जाणारी त्यांत नसावी. जी देते-घेते तिनेच मोजलं तर तिच्या हातून राहिलेलं तिलाच दिसत नाही.